शुक्रवारी चार वाजता

विलाड्स पाण्याचा माणूस. डेन्मार्कातल्या त्या खेड्याची विहीर, पंप नि टाकी गावाच्याच मालकीची, आणि एकोणीस वर्षं गावाच्या पाणीसंस्थेचा अध्यक्ष हाच. वार्षिक सभेत पंधरा मिनिटं अहवाल वाचायचा, मग कॉफी. आजवर लोकांनी विचारलं असेल तर पाण्यातल्या चुन्याबद्दल.

या वर्षी तसं नव्हतं. नोव्हेंबरात पाण्यात जंतू निघाले होते. म्हातारी आग्नेटे आठवडाभर इस्पितळात होती.

सभेआधी गुड्रुन, त्याची बायको, सरावासाठी टेबलापलीकडे बसून गावकरी झाली. एकेका चिठ्ठीवर एकेक प्रश्न. जंतू आले कुठून? टाकीच्या झाकणाच्या फटीतून. आता पाणी शुद्ध आहे का? तीन नमुने स्वच्छ आले. विलाड्स पोपटासारखा बोलत होता.

"तुला कधी कळलं?" गुड्रुनने विचारलं.

"हे कोण विचारणार?"

"विचारलं मी. सांग."

"नमुना घेताना चूक झाली असावी असं वाटलं, म्हणून दुसरा..."

"कधी, हे विचारलं. का, हे नाही. आधी वार, मग वेळ, मग कारण."

सात वेळा घोटवून घेतलं तिनं. सातव्यांदा तो म्हणाला, "शुक्रवारी चार वाजता. चूक समजून मी दुसरा नमुना पाठवला. गावाला शनिवारी संध्याकाळी सांगितलं. शुक्रवारीच सांगायला हवं होतं. थांबायचं मीच ठरवलं."

"आणि आग्नेटे त्या पाण्यानंच आजारी पडली का?"

"माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही."

"मग तेवढंच म्हण. पुढे काही जोडू नकोस."

सभेत आग्नेटेचा मुलगा एस्बेन पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. अहवाल संपला. एस्बेन तोंड उघडणार तोच मागून टोर्किल्ड उठला. विलाड्सचा जुना दोस्त, समितीतलाच. त्याला प्रयोगशाळेचा शुक्रवारचा फोन ठाऊक होता.

"विलाड्स, तुला शनिवारीच कळलं ना? कळल्या कळल्या तू घरोघर फिरलास."

काय सोपं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं. विलाड्सने कागद पालथा ठेवला.

"नाही. शुक्रवारी चार वाजता," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं, घोटलं होतं तसंच.

मग एस्बेनने विचारलं, "आई त्या पाण्यानंच आजारी पडली का?"

"माहीत नाही."

"शुक्रवारी रात्री ती तेच पाणी प्यायली."

"हो. सगळेच प्यायलो. मला माहीत असून." ही चिठ्ठी गुड्रुनच्या गठ्ठ्यात नव्हती.

मग अध्यक्ष निवडायला हात वर झाले. अठ्ठावीसविरुद्ध एकतीस, विलाड्स पडला. अध्यक्ष झाला टोर्किल्ड.

दाराशी विलाड्सने त्याला पंपघराची किल्ली दिली. "प्रयोगशाळेचा फोन आला की आधी गावाला सांग. दुसरा नमुना मग."

टोर्किल्डने किल्ली खिशात टाकली. विलाड्सकडे मात्र पाहिलं नाही.