हत्ती दोघांचा

इतवारीबाईला रडताना कोणी पाहिलं असेल तर त्यानं पुढे यावं. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चिखलणी धरली होती. बोलायला फटकळ, पण कामाला असं माणूस कुरखेड्याच्या आसपास शोधूनही सापडायचं नाही.

तिची स्वतःची जमीन नाही. धनराजच्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, ती अर्धेलीनं कसायची. बी-खताचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत सगळी तिची, आणि खळ्यावर धान अर्धं-अर्धं. धनराजचे वडील होते तोवर ते खळ्यावर येऊन बसायचे, चहा प्यायचे, वाटणी व्हायची. धनराज पडला नागपूरचा. त्याला खळं म्हणजे नसती कटकट वाटायची.

त्या वैशाखात तो आला तेव्हा इतवारीचं शेणखत बांध्यांत पडून झालं होतं. बांधावर उभं राहूनच तो म्हणाला, "बाई, औंदापासून ठोक्यानं करा. वर्षाचे ठरलेले पैसे मले द्या, धान सगळं तुमचं. मले यायचं काम नाई, तुमालेही कोणाची चौकशी नाई."

ऐकायला किती गोड! इतवारीलाही क्षणभर मोह झालाच. चांगलं पिकलं तर ठोक्यात तिचाच फायदा होता. पण मागच्या हंगामात हत्तींचा कळप शेजारच्या गावातून फिरून गेला होता, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"धनराजभाऊ," ती म्हणाली, "ठोक्यात हत्ती आला तर तो माह्या एकटीचा. अर्धेलीत हत्ती दोघांचा. मी अर्धेलीनंच करतो. अन् आता कागद करून द्या."

कागद म्हटल्याबरोबर धनराजचा चेहरा उतरला. "कागद केला का कूळ लागते. मंग जमीन गेलीच समजा." त्यानं विषय तोडला आणि गावातल्याच चैतूला जमीन ठोक्यानं द्यायला निघाला.

इतवारीला त्या रात्री भाकर गेली नाही. तिला भीती वाटली, खरंच भीती वाटली. या बांध्या गेल्या तर दुसऱ्याच्या रोवणीला मजुरीनं जाण्याशिवाय तिच्यापुढे काही नव्हतं.

चैतू काही साधुसंत नाही, पण त्यानं शेतात जाऊन खताचे ढीग पाहिले आणि मान हलवली. "खत बाईनं टाकलं, अन् नांगर मी घालू? गावात तोंड कोणतं दाखवू?" गावात हे असंच चालतं. ज्याचं खत बांधीत पडलं, त्या हंगामापुरता दुसरा कोणी तिथं हात घालत नाही.

धनराज चिडून तलाठ्याकडे गेला. तलाठी जुना, कंटाळलेला माणूस. तो म्हणाला, "कूळ कागदानं नाई लागत, कायदेशीर कसल्यानं लागते. बाई इतके वर्षं कसून राह्यली, ते काय लपलं आहे? अन् कसणाऱ्याले तोंडी सांगून हटवता येत नाई. लेखी नोटीस द्या, कारण दाखवा, तहसीलदाराचा हुकूम आणा. त्यापेक्षा करार करा. काय ठरलं ते दोघांपाशी राहील."

धनराजनं दोन दिवस तोंड पाडलं. मग कुरखेड्याला जाऊन दोघांनी करार नोंदवला. अर्धेलीच, तीन वर्षांची. नुकसान झालं तर भरपाईही अर्धी-अर्धी, हे वाक्य इतवारीनं मुद्दाम घालायला लावलं.

धान निसवलं, पिकलं, पिवळं झालं. आणि कापणीला हात घालायच्या आदल्या रात्री हत्ती आले.

सकाळी दोन बांध्या तुडवून चिखल झालेल्या. इतवारी बांधावर बसली. डोळे कोरडेच होते. तिनं धनराजला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "भाऊ, आपला हत्ती आला."

दुपारी वनखात्याच्या पंचनाम्याला तो पोचला. सातबारा त्याच्या नावावर, त्यामुळे वनरक्षकानं त्याचंच नाव लिहायला घेतलं. धनराज तुडवलेल्या धानाकडे बराच वेळ पाहत उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ही जमीन नीट पाहिली असावी.

"सातबारा माझा आहे," तो म्हणाला, "पण कास्तकार ह्या बाई आहेत. कसणारी म्हणून यांचंही नाव लिहा. करार सोबत जोडतो."

इतवारीला भरून आलं. पण ते दाखवील ती इतवारी कसली? वनरक्षक मोजमाप आटोपून, फोटो काढून गेल्यावर तिनं उरलेल्या दोन बांध्यांकडे पाहिलं. आज कापल्या नाहीत तर रात्री त्याही जाणार होत्या. तिनं कंबरेचा विळा काढला, पिशवीतून दुसरा काढला आणि तो धनराजपुढे धरला.

"बुटं काढा भाऊ," ती म्हणाली. "अर्धेली आहे."

धनराजनं बूट काढून बांधावर ठेवले आणि तो बांधीत उतरला.