वायर तर बरोबरच होती

चाकणच्या त्या प्लॅन्टमध्ये आमचं पार्ट मोजायचं पॅनल बसवलं आणि स्क्रीनवर शून्य दिसायला लागलं. प्रेस खाली यायची, पार्ट पडायचा, सेन्सरसमोरून जायचा, आणि स्क्रीनवर आपलं शून्यच. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हेच पॅनल टेबलावर झकास मोजत होतं हो!

प्रोग्राम आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, स्वतः लिहिलेला. मी तो सांभाळायला नुकताच घेतला होता. मी फोन लावला तर सरांनी स्पीकरवरच, प्लॅन्टच्या सुपरवायझरसमोर, आमच्या वायरमनमामांना झापलं. "अक्कल गहाण टाकलीस का? मोटरच्या केबलशेजारून सेन्सरची वायर नेलीस, मोटरच्या विजेचा नॉइज घेतेय ती. आज चालू झालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

मामा लातूरकडचे, मोशीत भाड्याने राहणारे, मुलगी बारावीला. "हो सर," म्हणाले आणि स्वतःच बांधलेलं देखणं वायरिंग कापायला बसले. मला भडभडून आलं. टेबलावर चाललं आणि साइटवर अडलं की दोष वायरिंगचा, ही आमच्या धंद्यातली सवयच आहे. कोणी तपासतसुद्धा नाही.

मामांनी वायर वेगळ्या वाटेने नेली, वायरीवरची शील्डची जाळी बदलली, अर्थिंग नव्याने केलं. तरी शून्य. "ताई, अजून काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो," म्हणाले. काय सांगणार कपाळ! मलाच काही सुचत नव्हतं.

पार्ट गेला की पॅनलमधली चिप हातातलं काम बाजूला ठेवते आणि एक छोटासा तुकडा चालवते. त्याला इंटरप्ट म्हणतात. त्या तुकड्याने मेमरीत 'पार्ट आला' अशी खूण करायची, आणि मुख्य प्रोग्रामने त्या खुणेची वाट बघत घिरट्या घालायच्या, खूण दिसली की आकडा वाढवायचा. मी इंटरप्टमध्ये एक दिवा लावून बघितला. प्रत्येक पार्टला दिवा बरोब्बर लुकलुकला! म्हणजे सिग्नल येत होता, मामांच्या वायरीतूनच येत होता. सरांना सांगितलं तर म्हणाले, "नॉइजनेही दिवा लुकलुकतो. वायरिंग बघा." फोन आपटावासा वाटला.

मग हताश होऊन मी वाट बघणाऱ्या त्या घिरट्यांच्या आत एक प्रिंटची ओळ, म्हणजे खुणेची स्थिती लॅपटॉपवर दाखवणारी, टाकली, खूण कुठे अडते ते बघायला. आणि काय, आकडा सुरू! ओळ काढली, पुन्हा शून्य. टाकली, सुरू. मला वाटलं वेड लागतंय आपल्याला. सुपरवायझर घड्याळ बघत उभा. मामा खुरमांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत बसलेले.

तेव्हा लक्षात आलं, प्रोग्रामच्या वर्कशॉपमधल्या कॉपीत प्रिंटच्या ओळी असतात. माल पाठवताना सर त्या काढतात, आणि चिपमध्ये जागा पुरावी म्हणून कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, प्रोग्राम आवळायला सांगतात. आवळताना कंपायलर बघतो, या घिरट्यांमध्ये तर खूण कोणीच बदलत नाही, मग मेमरीत सारखं कशाला डोकवायचं? एकदा वाचतो आणि तेच धरून बसतो. गॅसवरच्या दुधाकडे एकदा बघून पाठ फिरवावी, तसं. इंटरप्ट बिचारा खूण करत राहतो, बघणारं कोणी नाही. प्रिंटची ओळ मध्ये आली की मात्र त्याला पुन्हा वाचावं लागतं.

त्या खुणेच्या आधी 'व्होलाटाइल' हा शब्द हवा होता. म्हणजे ही केव्हाही बदलेल, दर वेळी मेमरीतून वाच. सरांनी तो लिहिलाच नव्हता. मी लिहिला, प्रिंट काढून टाकली, प्रोग्राम तसाच आवळून चिपमध्ये भरला. प्रेस खाली आली. एक. मग दोन. मग तीन. मला रडूच फुटलं.

"म्हणजे माझी वायर?" मामांनी विचारलं.

"बरोबर होती मामा. पहिल्यापासून बरोबर होती."

सरांना फोन केला. "चालू झालं ना? मग विषय संपला. त्याला उद्या ये म्हणावं."

मी निरोप सांगितला. "येतो की," मामा म्हणाले. "न येऊन जातो कुठं? पण ताई, शिवी सगळ्यांसमोर दिली, अन् ये म्हणाले ते तुमच्या कानात."

माझं डोकंच सटकलं. फोन पुन्हा लावला, स्पीकर सुरू केला, सुपरवायझरला जवळ बोलावलं. "सर, चूक प्रोग्राममध्ये होती. वायरिंग बरोबर होतं, एवढं सगळ्यांसमोर बोला."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "मी ड्राइव्ह करतोय," सर म्हणाले, आणि फोन कट झाला.

सुपरवायझर खाली मान घालून निघून गेला. मामांनी प्लास्टिकच्या नव्या केबल-टायचं पाकीट दातांनी फोडलं आणि कापलेलं वायरिंग पुन्हा बांधायला घेतलं.