तळघरातल्या पाइपांवरची अक्षरं

रुग्णालयात त्यांना सगळे ‘खालचे डॉक्टर’ म्हणत. वरच्या मजल्यांवर खरे डॉक्टर होते, आणि हे तळघरातल्या पंपघरात पाइपांची नाडी बघायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. आत पाणी वाहतंय की नुसतं थांबलंय, वॉल्व्ह गळतोय की घट्ट बसलाय, हे ते क्षणात सांगत. चोवीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कुठे भिंत ओलावली की वरून निरोप यायचा, “खालच्या डॉक्टरांना पाठवा,” आणि हे पाना खांद्यावर टाकून निघायचे.

त्यांचं एक गुपित होतं. त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. दोन्ही रंग मातकट, एकाच आईची लेकरं असल्यासारखे. लहानपणी आईच्या हे लक्षात आलं तेव्हा तिनं बजावलं, “कुणाला सांगू नकोस. लोक कामावर घ्यायचे नाहीत.” त्यांनी सांगितलं नाही. ते फक्त बायकोला माहीत होतं, तेही लग्नानंतर आठवड्याभरात, कारण पठ्ठ्यानं बाजारातून दोन किलो टोमॅटो आणले आणि त्यातला एकही पिकलेला नव्हता. तेव्हापासून भाजी बायकोच आणायची, आणि यांचे शर्टही तीच निवडायची.

पंपघरात त्याची कधी अडचण झाली नाही. तिथले पाइप सगळेच राखाडी होते, धुळीनं आणखी राखाडी झालेले. पिण्याच्या पाण्याचे, सांडपाण्याचे, आगीसाठीचे, सगळे छताखालून एकमेकांना ओलांडत गेलेले. नवा माणूस पाहून चक्रावून जायचा. डॉक्टरांनी स्वतःसाठी खुणा केल्या होत्या. आगीच्या लाइनीच्या चाकांना तांब्याची तार गुंडाळलेली, सांडपाण्याच्या चाकावर कानशीनं दोन खाचा, पिण्याच्या पाण्याला काहीच नाही. अंधारातही हात फिरवला की कळायचं. पण त्या खुणांचा अर्थ त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, आणि हीच गोष्ट नव्या इंजिनिअर साहेबांना खटकली.

“उद्या तुम्ही आजारी पडलात तर?” साहेबांनी विचारलं.

“मी आजारी पडत नाही साहेब.”

“तरी पडलात तर?”

महिन्याभरात ठेकेदाराचा रंगारी हजर झाला. आगीची लाइन लाल, पिण्याचं पाणी हिरवं, सांडपाणी काळं, आणि सांडपाणी शुद्ध करून संडासांच्या फ्लशला सोडतात त्याची लाइन जांभळी, असा तक्ता ठरला. प्रत्येक पाइपावर नाव आणि पाणी कुठल्या दिशेनं जातं त्याचा बाण काढायचा, असंही कागदावर होतं. पण अक्षरांचे साचे यायला उशीर होता. रंगारी हसून म्हणाला, “अक्षरांची काय घाई? रंग बघून शेंबडं पोरसुद्धा सांगेल कुठली लाइन कसली!”

डॉक्टरही हसले. दुसरं काय करणार?

रंगाऱ्यानं काम मन लावून केलं. पाइप घासले, चाकं घासली, तारा कापून फेकल्या, खाचा पुट्टीनं बुजवून टाकल्या. आठवड्याभरात पंपघर असं चकाचक झालं की साहेबांनी वरच्या लोकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. डॉक्टर मात्र खोलीच्या मध्यभागी उभे राहिले ते परक्या घरात शिरल्यासारखे. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात लाल आणि हिरवे पाइप त्यांना सारखेच दिसत होते. वर रंगाचा जाड थर बसला होता, त्यामुळे हातालाही काही लागेना.

पुढच्या सोमवारी सकाळी साहेबांचा निरोप आला. कपडे धुण्याच्या विभागात नवी यंत्रं बसायची होती, विभागाला कुलूप लागलं होतं. त्यांची पाण्याची लाइन पंपघरातूनच बंद करायची, गुरुवारी तिथले पाइप कापायला माणसं येणार. धुलाईची लाइन पिण्याच्या पाण्याचाच फाटा, म्हणून हिरवी; ती आणि जुन्या इमारतीकडे जाणारी आगीची लाल लाइन, दोन्ही सारख्याच जाडीच्या, भिंतीजवळ हातभर अंतरानं शेजारी शेजारी. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला. धुलाई बंद, त्यामुळे त्या लाइनीत पाणी थांबलेलं. आगीच्या लाइनीत तर ते नेहमीच थांबलेलं असतं. दोन्ही पाइप मुके.

खरं तर मागे टाकीपर्यंत पाइप चाचपत जायला हवं होतं. ते नेहमी तसंच करत. पण पंप चालवणाऱ्या बाई टेबलाशी बसून नोंदवही भरत होत्या, आणि रंगवलेल्या पाइपाखाली शिडी लावून चाचपत बसलो तर त्या विचारणार, “भाऊ, रंग दिसत नाही का?” एवढ्याशा लाजेपायी त्यांनी उजवं चाक धरलं, आठवणीवर भरवसा ठेवून फिरवलं आणि घट्ट केलं. मग बाईंना सांगितलं, “धुलाई बंद केली, लिहून ठेवा.” बाईंनी लिहिलं.

बुधवारी सुरक्षा अधिकाऱ्यांची आगीच्या पाण्याची चाचणी होती. जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांनी होजचा वॉल्व्ह उघडला. आधी पाण्याचा जोरदार फवारा आला, मग तो बारीक झाला, मग नळाच्या तोंडून नुसती लाळ गळावी तसे थेंब. खाली पंपघरात काटा मात्र पूर्ण दाब दाखवत होता, कारण काटा वॉल्व्हच्या अलीकडे होता. अधिकारी जिने उतरून खाली आले, लाल पाइप धरून चालत भिंतीशी पोचले आणि चाक फिरवून पाहिलं. बंद.

त्या इमारतीत नव्वद रुग्ण होते. दोन दिवस त्यांच्या डोक्यावर आगीसाठी पाण्याचा थेंब नव्हता.

साहेबांनी नोंदवही मागवली. सोमवारी ड्युटीवर पंपबाई होत्या. वहीत धुलाईची लाइन बंद केल्याची नोंद होती, आगीच्या लाइनीबद्दल एक अक्षर नव्हतं. “तुमच्या पाळीत वॉल्व्ह बंद होतो आणि तुम्हाला पत्ता नाही?” साहेबांनी विचारलं. बाईंनी शपथा घेतल्या, पण उपयोग झाला नाही. साहेब म्हणाले, “उद्यापासून येऊ नका. चौकशी होईपर्यंत घरी राहा.”

डॉक्टर दाराशी उभे राहून हे सगळं ऐकत होते. वर फवारा आटला असं कानावर आलं, तेव्हाच त्यांना आपण फिरवलेलं चाक आठवलं होतं. बाईंशी त्यांचा अकरा वर्षांचा शेजार. दुपारचा डबा दोघं एकाच टेबलावर खात, बाई त्यांना भाऊ म्हणत आणि भाजी आवडली नाही की तोंडावर सांगत. डॉक्टरांना आईचं वाक्य आठवलं. नोकरी संपायला अजून सहा वर्षं होती, तेही आठवलं. मग ते आत गेले.

“साहेब, बाईंचा काही संबंध नाही. चाक मी फिरवलं. धुलाईचं समजून.”

“लाल पाइप धुलाईचा? एवढा लालभडक?”

“मला लाल दिसत नाही. हिरवाही नाही. दोन्ही सारखेच दिसतात. जन्मापासून.”

साहेबांनी रागानं विचारलं, “चोवीस वर्षं सांगितलं नाहीत?”

“चोवीस वर्षं पाइप राखाडी होते, साहेब.”

ते उत्तर उद्धटपणाचं वाटलं असावं. साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून दूर केलं आणि वर डोळ्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. ठिपक्यांत आकडे लपलेले होते. डॉक्टरांना एक-दोनच दिसले. “शंभर पुरुषांत पाच-सात जण असे असतात,” त्या सहज म्हणाल्या, “तुमच्या तळघरात आणखी कुणी नाही कशावरून?” हे वाक्य त्यांनी अहवालातही लिहिलं. साहेब ते बराच वेळ वाचत राहिले.

संध्याकाळी घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “बरं झालं. मी एकटी किती दिवस सांभाळणार होते?” आणि ताट वाढायला लागली.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. लेखी ताकीद दिली, ती डॉक्टरांनी मुकाट्यानं सही करून घेतली. मग साहेब म्हणाले, “अक्षरांचे साचे आलेत. रंगाऱ्याला कुठल्या पाइपावर काय लिहायचं ते कोण सांगणार?”

“रंग आहेतच की,” डॉक्टर म्हणाले.

“रंगांवरून नाही. मुळापासून सांगा.”

मग डॉक्टरांनी शिडी घेतली. टाकीपासून सुरुवात करून एकेक पाइप हातानं धरत, भिंतीपलीकडे जाऊन, वाकून, रांगत शेवटापर्यंत गेले. मागून रंगारी साचा आणि ब्रश घेऊन. ‘अग्निशमन’, ‘पिण्याचे पाणी’, ‘सांडपाणी’, ‘फ्लशचे पाणी’. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चाकाजवळ, आणि पाइप भिंतीत शिरतो तिथे भिंतीच्या दोन्ही बाजूंना. सोबत बाण. सगळ्या रंगांवर पांढरी अक्षरं, कारण ती डॉक्टरांना दहा पावलांवरून वाचता येत. चाकांना क्रमांकाचे बिल्ले, आणि आगीच्या चाकांना उघड्या स्थितीत साखळी-कुलूप.

चौथ्या दिवशी ते एका जांभळ्या पाइपाबरोबर भिंतीपलीकडे गेले आणि थांबले.

“इथे काय लिहायचं?” रंगाऱ्यानं विचारलं. “हा तर हिरवा. पिण्याचं पाणी.”

“मला हिरवा दिसत नाही. पण हा तोच फ्लशचा पाइप आहे. भिंतीत वळून दोन वीत खाली उतरलाय.”

रंगाऱ्याचा विश्वास बसेना. अलीकडे जांभळा वर होता, पलीकडे वर दिसणारा पाइप पिण्याच्या पाण्याचा होता, म्हणून खालचाही त्याचाच फाटा धरून त्यानं हिरवा रंगवला होता. डॉक्टरांनी परत पंपघरात जाऊन जांभळ्या पाइपावर पान्यानं तीनदा ठोकलं. भिंतीपलीकडे रंगाऱ्याचा हात त्या हिरव्या पाइपावर होता. ठोके हाताला लागताच त्यानं हात झटकन मागे घेतला.

फ्लशचं पाणी, आणि वर पिण्याच्या पाण्याचा रंग. पुढच्या महिन्यात नातेवाइकांच्या बसायच्या खोलीत थंड पाण्याचं यंत्र लागणार होतं, आणि त्याला जोड याच ‘हिरव्या’ पाइपातून देण्याचं नकाशावर ठरलं होतं. साहेबांनी नकाशा पाहिला, पाइप पाहिला, खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. मग पेल्याकडे बघून तो तसाच खाली ठेवला.

रंगाऱ्यानं तो पाइप पुन्हा रंगवला. त्या दिवसापासून त्यानं एकही ब्रश डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावला नाही. पंपघरात नियम झाला: कुठलंही चाक फिरवण्याआधी दोन माणसांनी पाइपावरचं नाव आणि बिल्ल्याचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा, मग वहीत तो क्रमांक लिहायचा.

डॉक्टरांनी कबूल केल्यावर पंपबाईंना साहेबांनी कामावर ठेवून घेतलं होतं, पण त्या डॉक्टरांशी आठ दिवस बोलल्या नाहीत. डबा वेगळ्या बाकावर खायच्या. नवव्या दिवशी चाक फिरवायची वेळ आली आणि वाचायला दुसरं कुणी नव्हतं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, बिल्ला वाचला, नाव वाचलं.

मग म्हणाल्या, “भाऊ, मला आधीच सांगितलं असतंत तर मी हसले असते का?”

“हसला असतात.”

“हो, हसले असते,” बाई म्हणाल्या. “पण चाक तरी बरोबर फिरलं असतं.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि चाक फिरवलं.