टोच

मिलची लुगडी हातमागाची म्हणून खपू लागली, तेव्हा देऊळगाव राजातल्या आमच्या विणकर सोसायटीला लुगड्यावर शिवायच्या चिठ्ठीसाठी नाव हवं होतं. चेअरमन माझे सासरे. मी ‘वारसा’ सुचवलं.

“हे तं मिलवालाही छापते,” ते म्हणाले.

धाकट्या जावेनं चहा ठेवून लुगड्याचा काठ उजेडात धरला. हातमागावर विणताना कापड ताणणारी काठी हातानं सरकवतात. त्या काठीच्या टाचण्यांची बारीक भोकं कमीजास्त अंतरावर दिसली; मिलच्या कापडात ती अशी नसतात.

“मामाजी, ‘टोच’ ठेवा. गिऱ्हाईक काठ पाहीन अन् ओळखीन.”

सासऱ्यांनी तिला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. ती भोकं रोज मीही पाहत होते, पण सुचलं मेलीला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

चिठ्ठ्या शिवायचं काम मात्र माझ्याकडं आलं. तिचा शब्द टाचताना मी सुई जरा जोरातच खुपसायचे.