‘माय पेन राय’ म्हणजे होकार नव्हे

आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात मॅनेजरने व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘माय पेन राय’. टीमचं ब्रीदवाक्य म्हणे! आता ते आठवलं तरी माझं डोकं फिरतं. तेव्हा मात्र मलाही ते गोडच वाटायचं, हे कबूल करते.

हे शब्द आणले आमच्या थाई टेस्टरने. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला ‘पी’ म्हणायची, म्हणजे ताई. एकदा माझ्या हातून तिच्या कीबोर्डवर चहा सांडला. ‘‘माय पेन राय, खा,’’ म्हणत ती हसून पुसायला लागली. शब्दशः अर्थ ‘काही झालं नाही’, आणि शेवटचं ‘खा’ हे थाई बायकांचं अदबीचं शेपूट. तिच्या मनात खरंच काही राहिलं नव्हतं. पुढे एका शुक्रवारी सर्व्हर बंद पडला, आम्ही सगळे हवालदिल. ती तेच म्हणाली आणि जॅकेट चढवून बसस्टॉपकडे निघाली. सोमवारपर्यंत कुणी हात लावणार नाही, मग जीव कशाला जाळायचा?

दिवाळीत मी अनारसे पुढे केले तेव्हाही, ‘‘माय पेन राय, खा.’’ मी आपलं शेवटचं तेवढं ऐकलं. ‘‘अगं, मी खाल्लेत, तूच खा,’’ म्हणत आणखी दोन वाढले. बिचारीने संपवले. ती ‘नको’ म्हणत होती, हे तिने हसत हसत सांगितलं ते नाताळात.

मग आला रजेचा विषय. तिचा धाकटा भाऊ पावसाळ्यापुरता भिक्षू होणार होता. त्याचं पुण्य आईला लागतं असं ते मानतात. विहाराने दिवस ठरवून दिलेला. दीक्षेआधी घरचे लोक एकेक करून त्याच्या केसांची बट कापतात. वडील नव्हते, म्हणून आईनंतर लगेच हिची पाळी. तिची रजा कधीच मंजूर झाली होती.

आणि नेमकी रिलीज लांबून त्याच आठवड्यात आली. मॅनेजरने भर मीटिंगमध्ये, पंधरा माणसांसमोर विचारलं, रजा पुढे ढकलशील का? ती टेबलाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘माय पेन राय, खा.’’

‘‘ग्रँड!’’ म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, असं म्हणून तो पुढच्या मुद्द्यावर गेला. टीम लीड मी. सिस्टिममध्ये तिची रजा मी, माझ्या हाताने रद्द केली.

मी ऐकलं ‘चालेल’. ती म्हणत होती, ‘सगळ्यांसमोर तुम्हाला अवघडायला नको, आता हा विषय बंद करा’. वरिष्ठाला चारचौघांत तोंडावर नाही म्हणणं तिला जमणारच नव्हतं, म्हणून तिने तो शब्द मध्ये धरला. एवढं मला कळू नये? आमच्या घरात ‘असू दे’ म्हणत बायकांनी काय काय गिळलंय, हे बघत मी मोठी झाले! अनारशांसाठी तिच्या मागे लागले आणि रजेसाठी ‘खरंच चालेल ना गं?’ एवढंही विचारलं नाही. लाज वाटते.

समारंभाच्या आदल्या दिवशी ती जिन्यात आईशी फोनवर बोलत होती. मला तीनच शब्द कळत होते. ‘‘माय पेन राय, मे,’’ (‘मे’ म्हणजे आई असणार) ती आईची समजूत घालत होती, पुन्हा पुन्हा, आणि तिचे गाल ओले होते.

मी तडक मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, ‘‘पण ती स्वतःच म्हणाली ना, ग्रँड आहे म्हणून! थाई लोक किती शांत असतात, यू नो.’’ शांत! मी इतकी ओरडले की बाहेरचे कीबोर्ड थांबले. ‘‘तिला हो म्हणायला लावलंस आणि वर तिच्या स्वभावाचं कौतुक करतोस? टेस्टिंग मी करते, तिला सोड.’’ त्याने रजा दिली. पण कुठल्याही विमानाने ती आता वेळेत पोहोचणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती रिकाम्या मीटिंग रूममध्ये फोन उभा करून बसली होती. तिकडे दुपारचे तीन. मी शेजारी बसले. आईने पहिली बट कापून कमळाच्या पानावर ठेवली. मग कात्री एका मावशीच्या हातात गेली. भावाने डोळे वर करून फोनकडे बघितलं.

‘‘माझं चुकलं गं,’’ मी म्हटलं. ‘‘मी विचारायला हवं होतं.’’

मी वाट बघत होते. तिने ते तीन शब्द म्हणावेत म्हणून अक्षरशः आसुसले होते. ती काहीच म्हणाली नाही.