जोतं दीड फूट वर गेलं त्याचा हिशेब

आमच्या घरात माझं एक काम ठरलेलं आहे. कुणी नवीन धंदा काढायचा म्हटला, की मला समोर बसवतात आणि म्हणतात, "तो भाईंदरचा किस्सा सांगा." मी आपला सांगतो. त्यात माझी फजिती असल्यामुळे ऐकणाऱ्यांना तो आवडतो. आता एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता कागद पुढे करता येईल.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ठाण्याच्या एका कंपनीतली नोकरी सोडून कंत्राटदार झाले होते. मूळचे रत्नागिरीकडचे, हाताला कसब, तोंडाला नकार ठाऊक नाही. मी त्यांचा ओव्हरसियर, कारकून, शिपाई आणि मेहुणा. पगार यांपैकी शेवटच्या हुद्द्याचा, म्हणजे जेवून-खाऊन.

पहिलंच मोठं काम भाईंदरला मिळालं. तिथल्या एका जुन्या मिठागरवाल्या कुटुंबातल्या काकांना शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद शेड बांधून हवी होती. भांड्यांचे कारखाने येऊ लागले होते, त्यांना भाड्याने द्यायला. काम बाबवारीने ठरलं होतं. खोदकाम, दगडी बांधकाम, मुरमाची भरणी, प्रत्येक बाबीचा दर करारात लिहिलेला, आणि पैसे प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे. करार मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला होता. वाचला मात्र नव्हता, हे पुढे कळलं.

जोत्याची दगडी भिंत अर्धी उठली असताना उधाणाची भरती आली. पाणी बांधावरून आत शिरलं नाही, पण काकांचा जीव वरखाली झाला. खाडीच्या पाण्याचं दार असतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या खांबावर त्यांनी चुन्याची रेघ ओढली आणि भावोजींना म्हणाले, "या खुणेच्या वर एक वीत. तिथवर जोतं ने."

"नेतो काका," भावोजी म्हणाले. झालं. ना कागद, ना सही. मी तिथेच उभा होतो, हातात वही होती, खिशात पेन्सिल होती. वहीत त्या दिवशी मी लिहिलं होतं, "चहा, चार."

जोतं दीड फूट वर गेलं. मुरमाचे छत्तीस ट्रक जास्तीचे आले. ते पैसे भावोजींनी आपल्या खिशातून भरले, आणि तो खिसा म्हणजे नोकरी सोडताना मिळालेला फंड. अख्ख्या कामात सुटणारा नफा जवळजवळ तेवढाच होता. वाढीव कामाचे पैसे मिळाले नाहीत तर वर्षभराची मेहनत फुकट. त्यातच जुन्या कंपनीतल्या फोरमनने निरोप धाडला होता, जागा रिकामी आहे, येणार असलास तर सोमवारपर्यंत कळव. बहिणीने नुसता भावोजींचा कंपनीतला खाकी शर्ट धुऊन खुंटीला लावला. तो शर्ट पाहिला की भावोजी दुसऱ्या खोलीत जात, आणि दुसरी खोली आम्हाला नव्हतीच, म्हणजे बाहेर जात.

मी वाढीव कामाचं बिल तयार केलं. कार्बन घालून तीन प्रती. मुरूम भरणी, बहात्तर ब्रास, दर बावीस रुपये. दगडी बांधकाम, सहा पूर्णांक चारशे पस्तीस ब्रास, दर एकशे वीस. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे तेव्हा भाईंदरच्या पोरासोरांनाही माहीत होतं. शिवाय पायाच्या चरातलं पाणी पंपाने उपसण्याचे तीनशे पन्नास. एकूण दोन हजार सातशे सहा रुपये वीस पैसे. वीस पैशांमुळे बिल फार खरं वाटत होतं.

शनिवारी दुपारी आम्ही काकांच्या ओटीवर गेलो. काकांनी चष्मा लावला, बिल वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

"जोतं किती ठरलेलं?"

"दोन फूट," मी म्हणालो.

"चल."

शेडजवळ जाऊन त्यांनी जोत्याला काठी लावली. "मोज."

अडीच फूट भरलं.

"अर्धा फूट वाढला. अर्ध्या फुटाचं घे. सातशे देतो."

भावोजी माझ्याकडे बघायला लागले. दीड फूट तर आम्ही आमच्या हातांनी चढवला होता! मग लक्षात आलं. काकांच्याच माणसांनी मिठागराचा गाळ काढून शेडभोवती पसरला होता. बाहेरची जमीनच फूटभर वर आली होती.

"काका, गाळ तुमचा आहे," भावोजी म्हणाले.

"गाळ माजा, तर जोतं पन माजंच ना. मी दिसतंय तेवढं मोजतो."

जमिनीवर खूण ठेवलेली नाही, काम करताना काकांना बोलावून जोडीने मोजमाप घेतलेलं नाही, लेखी हुकूम नाही. माझ्याकडे होती ती फक्त तीन प्रतींची सुबकता. काकांनी विचारलं, "करारात काय लिवलंय, वाच की साहेब." साहेब म्हणताना त्यांनी भावोजींकडे बघून डोळा बारीक केला.

मी करार उघडला आणि बहुधा पहिल्यांदाच वाचला. नकाशाखाली टीप होती, "जोत्याची पातळी जुन्या मिठाच्या कोठाराच्या उंबरठ्यास समान, जमिनीपासून सुमारे दोन फूट." अक्षर माझंच.

कोठार तिथेच होतं, वीस पावलांवर. त्याचा दगडी उंबरठा गाळातून डोकं वर काढून बसला होता.

"जमीन जाऊ द्या काका," मी म्हणालो, "उंबरठा तर हलला नाही ना?"

"माज्या आज्याचा उंबरठा हाय तो. तो कशाला हलतोय!"

"मग उंबरठ्यापासून जोतं किती वर गेलं, तेवढंच वाढीव."

काकांनी काठीने उंबरठ्यावरचा गाळ खरवडला. मग म्हणाले, "हे बरोबर बोललास. दाव."

गवंड्याची पाण्याची नळी आणली. रबराची लांब नळी, दोन्ही टोकांना काच. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं, एवढीच त्यातली विद्या. भावोजींनी एक टोक उंबरठ्याशी धरलं, मी जोत्याशी. उंबरठ्याच्या बरोबरीची रेघ जोत्यावर मारली आणि तिथून वर टेप लावली. सव्वा फूट!

"सव्वा," मी पुटपुटलो.

भावोजींचा चेहरा मला अजून आठवतो. रागाचा नव्हता, पुष्कळ दिवस न झोपलेल्या माणसाचा होता. "जाऊ दे," ते म्हणाले. "सव्वा तर सव्वा. घे आणि चल."

मीही टेप गुंडाळायला लागलो होतो. खरं सांगतो, त्या उन्हात मला सव्वाही पुष्कळ वाटला. पण काका वाकून नळीकडे बघत होते. हयातभर पाण्याच्या पातळीवर मीठ पिकवलेला माणूस तो. त्यांनी नळीच्या मधल्या वळणावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

हवेचा बुडबुडा. चांगला अंगठ्याएवढा.

"नळी भरायला शिकिवलं न्हाय का कॉलेजात? पानी खोटं बोलत न्हाय, पोटात हवा धरली का मंग बोलतं. वत ते पानी. पुन्हा भर."

पुन्हा भरली. नळी उचलून, टिचक्या मारून काकांनीच हवा काढली, जोत्याकडचं टोकही त्यांनीच धरलं. मी टेप लावली. दीड फूट, बरोबर. स्वतःचे पैसे वाचवणारा बुडबुडा स्वतःच शोधणारा मालक मी नंतर कधी पाहिला नाही. पण आनंद करायला सवड मिळाली नाही, कारण काका लगेच ओटीवर जाऊन बसले आणि त्यांनी बिल पुन्हा हातात घेतलं.

"जोतं मी वर न्यायला सांगितलं, ते मी नाकारत न्हाय. दीड फूट, कबूल. आता बहात्तर ब्रास मुरूम कसा?"

"छत्तीस ट्रक, दोन-दोन ब्रासचे," मी म्हणालो. पावत्यांचा गठ्ठा पुढे केला.

"मिठाची रास वतली का केवढी दिसते, आनि महिन्यानं केवढी ऱ्हाते, बघितलंस कधी? दर कशाचा लावलाय, ट्रकातल्या मुरमाचा का ठोकून धुमसलेल्या?"

करारात पाहिलं. "पाणी मारून, धुम्मस करून, जागेवर मोजून." पुन्हा माझंच अक्षर. शंभर गुणिले चाळीस गुणिले दीड, सहा हजार घनफूट. साठ ब्रास. बारा ब्रास मी ट्रकातली हवा विकायला निघालो होतो.

"साठ," मी म्हणालो आणि खोडलं.

दगडी बांधकाम त्यांनी काठीने भिंत मोजून तपासलं. भिंतीच्या मध्यरेषेची लांबी दोनशे शहाऐंशी, रुंदी दीड, उंची दीड. ते मात्र बरोबर निघालं, आणि मला एकदम गहिवरून आलं.

"आनि हा पंप?"

"पाणी उपसायला लागलं ना काका. तीनशे पन्नास."

"याचा दर ठरलेला?"

"नाही, पण..."

"खोदकामाची बाब वाच."

मी वाचलं. "सर्व प्रकारच्या मातीत खोदकाम, पाणी उपसण्यासह." हळू वाचलं, तरी शेवटचे दोन शब्द ऐकू गेलेच. भावोजींनी डोळे मिटून घेतले. काका हसले नाहीत. त्यांनी फक्त पेन माझ्याकडे सरकवलं, आणि मी पंपावर काट मारली.

मग कोरा कागद घेतला. आधी कारण लिहिलं, मालकांच्या सूचनेवरून, उधाणाच्या पाण्यापासून बचावासाठी, जोतं उंबरठ्याच्या पातळीपेक्षा दीड फूट वर नेलं. खाली मूळ परिमाण, झालेलं परिमाण, फरक, ठरलेला दर. मुरमाचे तेराशे वीस, बांधकामाचे सातशे बहात्तर रुपये वीस पैसे. एकूण दोन हजार ब्याण्णव रुपये वीस पैसे. काकांनी वाचून सही केली.

"हा कागद उधाणाच्या दिवशी आनला असतास," ते म्हणाले, "तर तुमचा शनवार वाचला असता. माजी दुपारची झोप पन."

परत निघालो तेव्हा भावोजी रस्त्याच्या कडेने सावकाश चालत होते. मुरूमवाल्याचे दिलेले, धुम्मस करणाऱ्या बायांची मजुरी, गवंडी, दगड, सगळं वजा केलं तर वाढीव कामात जेमतेम तोंडमिळवणी होत होती. पण मूळ कामाचा नफा जिथल्या तिथे राहिला होता, अडीच हजारांच्या आसपास. वर्षाचे अडीच हजार. कंपनीत याहून जास्त मिळत होते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, कारण गणित तेवढं सोपं होतं.

घोडबंदरकडे जाणाऱ्या फाट्यावर ते एका दगडावर बसले. चप्पल काढून त्यातला मुरूम झटकला. मला त्या दिवशी बोलायचा हक्कच उरला नव्हता.

"फोरमनला चिठ्ठी लिही," शेवटी ते म्हणाले. "येत नाही म्हणावं."

"नक्की?"

"अरे, आत्ता कुठे करार वाचलाय," ते म्हणाले. "आणि लिहिलीस की मला दाखव. वाचल्याशिवाय टाकू नकोस."