भिंतीवरचं तोंड

कात्रज चौकातून आमच्या कंपनीची बस सव्वासातला सुटायची. २००१ साल. सगळ्यांना संगणकातलं कळत होतं आणि सकाळी उठून पोहे करणं कोणालाच जमत नव्हतं. म्हणून आम्ही वेणूबाईंच्या टपरीत इडली खायचो.

वेणूबाई यवतमाळकडच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन पुण्यात आल्या आणि टपरी टाकण्याआधी एका हॉटेलात इडलीच्या भांड्यावर कामाला राहिल्या. तिथे पहिल्याच महिन्यात घाईत झाकण उचललं आणि डावा गाल भाजला. तो गाल गुळगुळीत होता, हसल्या तरी हलायचा नाही. मी एकदा उगाच विचारलं, "उकळतं पाणी उडालं का?"

"पाणी परवडलं साहेब. वाफ हो. अन् पांढरी दिसते थे निवलेली. झाकणाच्या भोकाला लागून जे काहीच दिसत नाही ना, थे खरी."

तेव्हापासून मी भांड्याच्या झाकणाकडे पाहायचो. भोकाच्या वर बोटभर जागा रिकामी, त्यावर पांढरा लोट. त्या रिकाम्या जागेची मला भीती वाटायची, हे कबूल करतो.

त्यांची उघडायची रीत ठरलेली होती. गॅस बंद. थोडा वेळ थांबायचं, मग बस हॉर्न देवो नाहीतर ड्रायव्हर शिव्या देवो. उलथण्याने झाकणावर तीन टकटक, म्हणजे आसपासच्यांनी सरकायचं. हातात जाड, कोरडं फडकं, कारण ओल्यातून चटका थेट येतो. मग झाकणाची भिंतीकडची कड आधी वर. झाकण ढालीसारखं तोंडापुढे, आणि वाफ सगळी भिंतीवर.

इतकी वर्षं वाफ खाऊन त्या भिंतीवर डाग पडला होता. वेणूबाईंच्या उंचीवर, बरोबर माणसाच्या तोंडाएवढा. पोपडे गेलेल्या दोन खळग्या, खाली ओली चीर. झाकण उघडलं की तो काळा पडायचा आणि चिरेतून पाणी ओघळायचं. त्याच्याकडे तोंड करून कोणी खायला बसायचं नाही. मीही नाही, आणि मी तर भुताखेतांवर हसणारा माणूस.

"थे तोंड माह्यंच हाय," वेणूबाई म्हणायच्या. "तिथं हाय म्हणून इथं उरलं."

लेक दीपमालाला ते आवडायचं नाही. हुशार मुलगी, बारावीनंतर टायपिंग, इंग्रजी सगळं शिकली होती. आमच्याच कंपनीत तिला स्वागतकक्षातली नोकरी लागली, सोमवारपासून. आल्यागेल्याकडे पाहून हसायचं काम. वेणूबाईंनी सगळ्यांना फुकट इडली दिली. आणि रविवारी दीपमालाने रंगारी बोलावून भिंत खरवडली, गुलाबी करून टाकली.

सोमवारी वेणूबाई भिंतीसमोर नुसत्या उभ्या राहिल्या. "आता कोणाकडं पाहून उघडू?" म्हणाल्या. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

बसने हॉर्न दिला. वेणूबाई चटणी वाटत होत्या. कामाचा पहिला दिवस, नवी साडी, उशीर झालेला. दीपमालाने गॅस चालू असतानाच भांड्यावर वाकून झाकणाची आपल्याकडची कड उचलली. टकटक नाही, काही नाही. समोर कोरी गुलाबी भिंत.

मला वाफ दिसलीच नाही. दिसला तो वेणूबाईंचा हात, लेकीच्या तोंडाआडवा. मग आवाज. तो आवाज मला आजही नको वाटतो.

आमच्यातला एक हुशार टूथपेस्ट आणायला धावला. "काही लावू नका! पाणी!" वेणूबाईच ओरडल्या. दीपमालाने आधी त्यांच्या बांगड्या काढल्या, हात सुजायच्या आत, आणि तो नळाखाली धरला. वीस मिनिटं, घड्याळ लावून. मग स्वच्छ कापड सैल गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात. बस आमच्याविना गेली.

जखम भरायला दोन महिने लागले. मनगट मात्र आखडलं, झाकण पेलेना. दीपमालाची नोकरी कंपनीने आठवडाभर थांबवली होती, ती तिने घेतली. पण रोज पहाटे भांडं तीच उघडायची. गॅस बंद, थांबायचं, तीन टकटक, भिंतीकडची कड. मग हात धुऊन आमच्याच बसमध्ये.

दिवाळीच्या सुमाराला गुलाबी रंगाला फुगा आला. मग पोपडा. मग दोन खळग्या आणि एक ओली चीर. मी चमचा खाली ठेवला.

"वेणूबाई, तुमचं तोंड परत आलं."

त्यांनी बाकावरूनच पाहिलं. डाग पूर्वीपेक्षा वीतभर खाली होता. दीपमाला आईपेक्षा तेवढीच बुटकी.

"माह्यं नाही थे," त्या म्हणाल्या. "तिचं हाय."

समोर दीपमालाने टकटक केलं. आम्ही सरकलो. झाकण वर गेलं, भिंतीवरचं तोंड काळं पडलं, त्याच्यावरून पाणी ओघळलं. वेणूबाईंनी ते सगळं ओघळेपर्यंत पाहिलं आणि मग उठून लेकीचा गाल आखडलेल्या हाताने चाचपला. कोरडा होता.